इंडक्शनमधलं एक मिनिट: "थोडं स्वतःबद्दल सांगा"

आजचा भाग ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रेकॉर्ड करतोय. मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, घरी पाहुणे आहेत.

आज बोलायचंय ते त्या एका मिनिटाबद्दल. नवीन कंपनीत पहिला दिवस असतो, गळ्यात अजून फोटो नसलेलं टेंपररी कार्ड असतं, कॉन्फरन्स रूममध्ये पंचवीस अनोळखी माणसं असतात. आणि एचआर हसून म्हणते, "चला, आता एकेकाने थोडं स्वतःबद्दल सांगा." पोटात गोळा येतो की नाही?

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी रात्री साडेनऊला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिचं इंडक्शन होतं. नाव सांगत नाही, तिनेच बजावलंय की एपिसोडमध्ये माझं नाव आलं तर आईला सांगेन. मूळची उदगीरची, सिव्हिलमधून बीटेक केलं, मग दीड वर्ष पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास, मग टेस्टिंगचा कोर्स, चौदा महिने एका छोट्या कंपनीत नोकरी आणि आता ही दुसरी नोकरी. हे सगळं नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणाली, "दादा, एक मिनिट बोलायचंय. मी लिहून काढलंय. ऐकतोस?"

म्हटलं, वाच. आणि गुपचूप फोनमधलं स्टॉपवॉच लावलं.

तिने नाव सांगितलं, वडील शिक्षक, आई गृहिणी, एक भाऊ, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, कॉलेजचं नाव, सीजीपीए. मग एसक्यूएल, सेलेनियम, जिरा, पोस्टमन, एपीआय टेस्टिंग, ॲजाइल. मग आधीच्या कंपनीच्या क्लायंटचं नाव, अगदी ब्रँडसकट. मग मी मेहनती आहे, टीम प्लेयर आहे, छंद वाचन आणि प्रवास. आणि शेवटी, कंपनीने संधी दिल्याबद्दल आभार. एमपीएससीचा उल्लेख कुठेच नाही. बीटेक २०२१ ला संपलं आणि पुढच्याच वाक्यात टेस्टिंगची नोकरी लागली, असं वाचलं तिने. मधला सगळा काळ गायब.

वेळ झाला होता दोन मिनिटं चाळीस सेकंद.

आता हिशोब बघा. तिच्या बॅचला सव्वीस जण होते आणि वेळापत्रकात ओळखीसाठी अर्धा तास. प्रत्येकाने असं पावणेतीन मिनिटं घेतलं तर सत्तर मिनिटं जातील. म्हणजे चहा गेला. आणि ज्याच्यामुळे चहा गेला तो माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण चुकीच्या कारणाने. [हसतो]

पण वेळ ही तशी छोटी गोष्ट आहे. मी तिला विचारलं, "हे ऐकून चहाच्या वेळी कुणाला तुझ्याकडे यायचं असेल, तर तो काय म्हणून येईल?" ती गप्प. मग म्हणाली, "तुझे दहावीचे टक्के छान आहेत, असं कोण म्हणेल!" म्हटलं, तेच तर.

मला वाटतं, ही ओळख म्हणजे रेझ्युमे तोंडी म्हणून दाखवणं नाही. रेझ्युमे वाचून झालाय, नोकरी लागलीय. समोर बसलेत त्यातला कुणीही तुम्हाला सिलेक्ट करणार नाहीये. त्यांना पुढचे काही महिने तुमच्यासोबत काम करायचंय. त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात: हाक काय मारायची, कामाचं काय विचारायला तुमच्याकडे यायचं, आणि कामाव्यतिरिक्त बोलायला सुरुवात कुठून करायची.

नावापासून सुरू करू. माझ्या स्वतःच्या नावात "ज्ञ" आहे. आपण मराठी माणसं त्याचा उच्चार "द्न्य" करतो, हिंदीवाले "ग्य" करतात, आणि इंग्रजीत माझं स्पेलिंग Dny पासून सुरू होतं. माझ्या पहिल्या टीममध्ये चेन्नईचे दोघं होते, त्यांनी स्क्रीनवर ते Dny बघितलं आणि पहिले चार महिने मला नावाने हाक मारलीच नाही. "हे, लिसन" वर काम चालवलं. बिचाऱ्यांना उच्चार चुकेल याची भीती. मी पहिल्या दिवशी एका दमात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव बोलून मोकळा झालो होतो. आता मी नाव सावकाश सांगतो आणि लगेच म्हणतो, "द्न्य जमत नसेल तर डीजे म्हणा." तेव्हापासून मी डीजे आहे. नाचता येत नाही, तो भाग वेगळा.

नाव लक्षात राहणं खरंच अवघड असतं, तो समोरच्याचा आळस नाही. १९८७ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येक चेहऱ्याचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. गंमत अशी की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. एका चेहऱ्याचं आडनाव बेकर, तर दुसरा माणूस व्यवसायाने बेकर, म्हणजे पाववाला. शब्द तोच. तरी व्यवसाय म्हणून सांगितलेला लोकांना जास्त आठवला, आडनाव म्हणून सांगितलेला कमी. कारण पाववाला म्हटलं की भट्टी दिसते, पीठ दिसतं, वास येतो. आडनावाला मागे काहीच नसतं, नुसता आवाज.

म्हणून नावाला काहीतरी टांगायला लागतं. आणि इथे कामाचा भाग येतो.

मी तिला म्हटलं, "ती टूल्सची यादी काढ. सव्वीसातले वीस जण तीच यादी वाचणार आहेत. मला सांग, त्या चौदा महिन्यांत तू एक्झॅक्टली काय केलंस?"

"टेस्टिंग."

"कशाचं?"

"विम्याचं पोर्टल होतं. पॉलिसी काढायची, रिन्यू करायची."

"त्यात तुला सापडलेला एखादा बग सांग, जो आठवला की तुला अजून बरं वाटतं."

आणि मग ती जी बोलायला लागली! आवाजच बदलला. तिने एकदा सहज २९ फेब्रुवारी ही तारीख टाकून पॉलिसी काढून बघितली होती. पॉलिसी निघाली. मग रिन्यूअलचं पेज उघडलं तर एरर. कारण कोडमध्ये पुढच्या वर्षीची तारीख काढताना फक्त वर्षात एक मिळवला होता, आणि पुढच्या वर्षी २९ फेब्रुवारी नसतेच. डेव्हलपर आधी म्हणाला, असं कोण करतं. ही म्हणाली, त्या दिवशी जो गाडी घेईल तो करेल.

मला सांगा, हे ऐकल्यावर तुम्ही ही मुलगी विसराल का? एक वाक्य आहे. दहा सेकंद. त्यात ती टेस्टर आहे हे आलं, विमा क्षेत्र माहीत आहे हे आलं, चिकाटी आहे हेही आलं. "मी बारकाईने काम करते" असं म्हणायची गरजच पडली नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक म्हणजे क्लायंटचं नाव. आधीच्या कंपनीत तुम्ही गोपनीयतेचा करार सही केलेला असतो, आणि बऱ्याचदा क्लायंटचं नावही त्यात येतं. "एक विमा पोर्टल" एवढं पुरतं. शिवाय हल्ली निम्मं इंडक्शन ऑनलाइन असतं, रेकॉर्ड होतं, खाली आपोआप ट्रान्सक्रिप्टही बनतो. तुम्ही बोललेलं हवेत विरत नाही. बगची गोष्टसुद्धा अशी सांगायची की ते पोर्टल कुणाचं हे ओळखता येणार नाही. आणि "त्यांच्याकडे सगळा कोड भंगार होता" हे वाक्य तर अजिबात नको. समोरचा लगेच विचार करतो की उद्या आमच्याबद्दल काय बोलेल.

दुसरी गोष्ट म्हणजे माप. जेवढं केलं तेवढंच सांगायचं. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या दुसऱ्या नोकरीच्या इंडक्शनला मी ठणकावून म्हणालो होतो, "आय हॅव वर्क्ड ऑन डॉकर अँड कुबरनेटिस." डॉकर वापरलं होतं, ते खरं. कुबरनेटिसचा एक ऑनलाइन कोर्स केला होता, तोही शेवटचे दोन मोड्यूल सोडून. खोलीत मागे एक आर्किटेक्ट बसले होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दोन आठवड्यांनी मी एका मायग्रेशनच्या टीममध्ये होतो आणि शुक्रवारी रात्री साडेअकराला स्क्रीनवर CrashLoopBackOff बघत बसलो होतो. म्हणजे पॉड सुरू होतोय, पडतोय, परत सुरू होतोय, परत पडतोय. अगदी माझ्यासारखाच. शेवटी एका सीनियर ताईंना फोन करून कबूल केलं की मला हे येत नाही. त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग पहिल्या दिवशी शिकतोय असं म्हणाला असतास, तर आम्ही तुझ्याबरोबर कुणालातरी बसवलं असतं." यात चूक पूर्ण माझीच.

म्हणून बहिणीच्या यादीत एपीआय टेस्टिंग होतं, त्याबद्दल मी खोदून विचारलं. निघालं असं की पोस्टमनमध्ये दुसऱ्याने बनवलेल्या रिक्वेस्ट ती फक्त चालवायची. मग ते "शिकतेय" या खात्यात टाकलं. याउलट सेलेनियमचं ती उगाच लाजून मोघम बोलत होती. हाताने करायच्या दोनशे चाळीस चाचण्यांपैकी साठ तिने एकटीने ऑटोमेट केल्या होत्या. ते आकड्यासकट आत घेतलं.

आता वैयक्तिक भाग. इथे घोळ दोन प्रकारचे होतात. काही जण काहीच सांगत नाहीत, आणि काही जण कुंडली मांडतात. वडील काय करतात, भाऊ किती, लग्न ठरलंय का. हे आपल्याकडे का होतं मला कळतं. आपण लहानपणापासून ओळख अशीच करून देतो. पाहुण्यांसमोर उभं केलं की नाव, इयत्ता, बाबा काय करतात. पण ऑफिसमध्ये वडिलांची नोकरी ऐकून समोरच्याने करायचं काय? आणि "आडनाव काय?", "गाव कुठलं?", "म्हणजे कुठले तुम्ही?" या प्रश्नांची साखळी कुठे जाऊन थांबते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गाव आवडीने सांगा, मीही सांगतो. पण नुसतं पहिलं नाव सांगून थांबायचं असेल तर थांबा. पूर्ण नाव एचआरच्या फॉर्मवर आहेच.

माझा वैयक्तिक गोष्टीचा निकष साधा आहे: ती ऐकून समोरच्याला पुढचं वाक्य सुचलं पाहिजे. "वाचन आवडतं" म्हटल्यावर काय सुचणार? छान, एवढंच. "मी वाकडहून बसने येते" म्हटल्यावर हिंजवडीच्या ट्रॅफिकने पोळलेला प्रत्येक माणूस बोलायला तयार होतो. फक्त पीजीचं नाव किंवा गल्ली सांगू नये, एवढं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेवढं कळतं मला, दादा."

राहिला एमपीएससीचा प्रश्न. तो तिने स्वतःहून काढला. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. म्हणाली, "त्या दीड वर्षाचं काय करू? कुणी विचारलं तर?"

इथे मी जरा सावध होतो, कारण हा विषय घरात दुखरा आहे. प्रीलिम निघाली होती, मेन्स थोडक्यात गेली. घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. मी म्हटलं, एक मिनिटाच्या ओळखीत सगळी वर्षं ओळीने मांडायची सक्ती नाही. एचआरला माहीत आहे, ऑफर देताना त्यांनी बघितलंय. तू न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. पण "बीटेक झाल्यावर लगेच नोकरी लागली" असं वाक्य टाकलंस तर ते खोटं आहे. आणि ते सहज पकडलं जातं, कारण कुणीतरी २०२१ चा पासआउट असतोच आणि तो मनात वर्षं मोजतो. तेव्हा ते वाक्य काढ. आणि कुणी विचारलंच तर एक सरळ उत्तर तयार ठेव: "दीड वर्ष एमपीएससी केली, प्रीलिम झाली, मेन्स नाही झाली, मग टेस्टिंगकडे आले." सॉरी नाही, "ॲक्च्युअली काय झालं ना" नाही. हे वाक्य मी तिला पाच वेळा म्हणायला लावलं. पहिल्या दोन वेळा आवाज शेवटाला खाली गेला. पाचव्यांदा नाही गेला.

शेवटी जे उरलं ते असं. ती इंग्रजीत बोलली, मी इथे मराठीत सांगतोय:

"नमस्कार, मी अमुक. पेमेंट्सच्या टीममध्ये टेस्टर म्हणून आले आहे. याआधी चौदा महिने मी एका विमा पोर्टलचं टेस्टिंग करत होते. तिथे २९ फेब्रुवारीला काढलेल्या पॉलिसीचं रिन्यूअल पेज उघडतच नव्हतं, तो बग मी पकडला. हाताने करायच्या साठ चाचण्या मी सेलेनियमने ऑटोमेट केल्या. एपीआय टेस्टिंग अजून शिकतेय, त्यात तुमची मदत लागेल. मी मूळची उदगीरची, सध्या वाकडहून बसने येते. त्या बाजूचं कुणी असेल तर चहाला भेटा. परत एकदा, मी अमुक."

पंचेचाळीस सेकंद. इंग्रजीची तिला धास्ती होती. मी म्हटलं, वाक्यं छोटी ठेव, एवढंच कर. "मायसेल्फ अमुक" म्हणालीस तरी कुणी खिडकीतून उडी मारणार नाही.

शेवटी नाव परत का? तर ज्याची पाळी पुढे असते तो ऐकत नसतो, मनात स्वतःची वाक्यं घोकत असतो. याला मानसशास्त्रात नावही आहे, नेक्स्ट-इन-लाइन इफेक्ट. १९७३ साली ब्रेनर नावाच्या संशोधकाने लोकांना पाळीपाळीने शब्द वाचायला लावले. स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी वाचलेले शब्द लोकांना सगळ्यात कमी आठवले. म्हणजे तुमच्या नंतर बोलणाऱ्याने तुम्हाला ऐकलेलं नसतं, आणि तुम्ही तुमच्या आधीच्याला ऐकलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे चहाच्या वेळी त्या दोघांना जाऊन सरळ म्हणायचं, "टेन्शनमध्ये तुमचं नाव ऐकलंच नाही, परत सांगा ना." कुणाला राग येत नाही. त्यांनीही तुमचं ऐकलेलं नसतं!

तर सोमवारी काय झालं? ती अकरावी होती. ठरल्याप्रमाणे बोलली. बसणार तेवढ्यात एचआर म्हणाली, "अँड वन फन फॅक्ट अबाउट यू?" हे मेलमध्ये नव्हतं. आम्ही तयारीच केली नव्हती. आधीच्या दहा जणांना विचारलंही नव्हतं, अचानक सुचलं असेल बाईंना.

बहीण म्हणते, डोकं पूर्ण रिकामं झालं. आणि तोंडातून निघून गेलं, "मला महाराष्ट्रातले सगळे तालुके पाठ आहेत. तालुका सांगा, मी जिल्हा सांगते. एमपीएससी करत होते."

खोलीत हशा झाला, मागून कुणीतरी ओरडलं, "मंठा!" ही म्हणाली, "जालना." "अक्कलकुवा!" "नंदुरबार." तीनशे अठ्ठावन्न तालुके आहेत, मंडळी. चहाला तिच्याभोवती चार-पाच जण होते. एक जण बिलिंगच्या टीममधला निघाला, त्याला २९ फेब्रुवारीबद्दल विचारायचं होतं, कारण त्यांच्याकडे सबस्क्रिप्शनच्या तारखा आहेत. वाकडचे दोघं भेटले.

हे ऐकून मी खूश झालो होतो. पण गोष्ट इथे संपत नाही. संध्याकाळी तिच्या लीडने बाजूला बोलावून विचारलं, "मग अजून फॉर्म भरतेस का? म्हणजे सहा महिन्यांत सोडून जाणार का?" नीटच विचारलं म्हणे, पण विचारलं. तिने सांगितलं की नाही भरत, बंद केलंय. तेही पहिल्यांदाच कुणाला तरी स्पष्ट सांगितलं तिने. घरीसुद्धा एवढं थेट सांगितलं नव्हतं.

मला ती म्हणाली, "दादा, बरं वाटलं." मी अजून माझ्या मतावर आहे. मी असतो तर पहिल्या दिवशी सव्वीस जणांसमोर नसतं सांगितलं, आधी लीडला एकट्याला भेटून सांगितलं असतं. यावरून आमचं परवा जेवताना परत भांडण झालं. ती म्हणते, तुला काय, तुझ्याकडे लपवायला फक्त कुबरनेटिस होतं.

आता मला खरंच निघायला हवं, वॉचमन काका तिसऱ्यांदा काचेतून बघून गेलेत. तुमच्या इंडक्शनला काय झालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. एक मिनिटाच्या आत बसवा!